बरोबर आकड्याची केबल

स्लॅबच्या कडेतून नऊ केबलची टोकं बाहेर आली होती. आदल्या दिवशी जॅकनं त्या ताणून झाल्या होत्या. पोलादी केबल ताणली की लांबते. किती लांबायला हवी, हे गणित आधीच मांडलेलं असतं. सात टक्क्यांहून जास्त फरक पडला, की मंजूर का नामंजूर ते इंजिनीयरनं ठरवायचं. तोवर टोकं कापायची नाहीत.

इथं आठ केबल कमी लांबल्या होत्या. नववी मात्र गणिताबरहुकूम, दोनशे दहा मिलिमीटर. साइट मॅनेजरनं नोंदीत तिच्यापुढे ‘आदर्श’ असंही लिहून टाकलं होतं. मॅनेजर हा इथल्या इंजिनीयर मुलीचा सख्खा मामा. कौतुकाला सढळ, ऐकून घ्यायला कंजूष.

“ह्या आठ अजून ओढा, आकडा जुळेपर्यंत,” त्यानं जॅकवाल्याला फर्मावलं.

भाचीनं जॅकच्या पंपाचा प्लगच उपटला.

“प्लग लाव.”

“नाही लावणार.” ती जॅकवाल्याकडे वळली. “काका, काल दाब पूर्ण दिला होता ना?”

“पूर्ण. दाबाचं गेजही परवाच तपासून आलंय,” जॅकवाला म्हणाला.

“मग अजून ओढली तर तुटेल. आणि जॅकपाशी काका असणार, मामा, तू नाही.”

“मला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हापासून स्लॅब टाकतोय मी!”

“मग आकडे बघ की. वीस मीटरची केबल अठरा मिलिमीटर कमी, तीस मीटरचीही अठराच. ताण कमी पडला असता, तर लांब केबलला तूट जास्त आली असती. चूक मोजण्यात आहे.”

जॅकवाल्यानं मान खाजवली. ताणण्याआधी कडेला शंभर मिलिमीटरचा ठोकळा टेकवून केबलवर रंगाची खूण मारतात. नंतर कडेपासून खुणेपर्यंत मोजून ठोकळ्याचे शंभर वजा करतात. ठोकळा फुटला म्हणून त्यानं हाताला लागला तो दुसरा घेतला होता. भाचीनं त्याला टेप लावली. ब्याऐंशी! शंभराला अठरा कमी.

“म्हणजे सगळ्या पास!” मामा खुलला. “कापा टोकं.”

“आठ पास. तुझी आदर्श नापास. तिलाही तोच ठोकळा होता. म्हणजे ती अठरा जास्त लांबली. पलीकडचं टोक घसरलं असणार; केबल ताणली नाही, नुसती सरकली.”

“चांगलं काही बघवतच नाही का गं तुला?”

“जॅक लावून बघू. मी चुकले तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागते.”

मग प्लग लागला. टोक आवळून धरणारी पाचर जागची हलेपर्यंतच प्रत्येक केबल पुन्हा ओढायची. त्या क्षणी गेज दाखवेल, तेवढाच तिच्यातला ताण. आठही पाचरी ठरलेल्या ताणाला हलल्या. नववी निम्म्या ताणावरच सुटली.

भाचीनं नोंदीतला ‘आदर्श’ आडवा खोडला, ‘नामंजूर, बदला’ लिहिलं आणि सही ठोकली.

मामाचा फोन वाजला. मालक होता.

“हो साहेब... नाही, आज टोकं कापत नाही. एक केबल बदलायचीय.” मामानं भाचीकडे डोळे वटारून पाहिलं. ती हलली नाही. “उशीर होईल साहेब. होईल म्हणजे होईल! तुम्हाला घाई असेल, तर तुम्ही येऊन हिला समजवा. मी हरलो.”