‘साडेतीन साले’ची दुसरी सीडी

सिनेमाचा विषय निघाला की नबीची झोप उडायची, आणि टॉकीजमध्ये बसला की हमखास लागायची. त्याला तो तरी काय करणार बापा? अकोल्याच्या एका तेलमिलमध्ये त्याची कायमची रातपाळी. सकाळी सुटायचं, आंघोळ उरकायची आणि बाराचा खेळ गाठायचा. मध्यंतरापर्यंत डोळे टक्क उघडे. समोसा पोटात गेला की मान छातीवर. पठ्ठ्यानं ढिगानं सिनेमे पाहिले होते, पण सगळे अर्धेच. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मिलमध्ये तो सिनेमाचा मास्तर होता, आणि हातची मास्तरकी कोणाला सोडवते?

सुट्टीच्या दिवशी तो परतवाड्याच्या एस्टीत बसला, घरी अचलपूरला जायला. शेजारी खिडकीशी एक बाई होती, पस्तिशीची, कपाळ मोकळं, मांडीवर सुतळीनं बांधलेलं खोकं. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. ती म्हणाली, ठेवत नाही. कंडक्टरनं पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तोच पुढे गेला.

खोक्यात सीडी प्लेयर होता. कोणता सिनेमा लावणार, एवढंच नबीनं विचारलं, आणि अकोट यायच्या आत दोघांची गट्टी जमली.

पण लगेच शिफारशी सुरू झाल्या असं समजू नका. सिनेमाचा खरा शौकीन आधी माणूस पारखून घेतो. नबीनं विचारलं, मागच्या वर्षी साऱ्या अकोल्यानं रुमाल भिजवले तो सिनेमा कसा वाटला? बाई म्हणाली, हिरो मरायला इतका वेळ लावते का कुठी? नबी खूश. मग तिनं एका मारधाडीच्या सिनेमाचं विचारलं. तो नबीला आवडला होता, तिला नव्हता. तेव्हा ठरलं की रडण्या-हसण्यात दोघांचं जुळते, मारामारीत एकमेकांचं ऐकायचं नाही. एवढा हिशेब झाल्यावर देवाणघेवाण रंगली. तिनं त्याला ‘सासरवाडीचा मुक्काम’ सुचवला. सुरुवातीला कंटाळा येईल, म्हणाली, पण सासरा झाडावर चढेपर्यंत उठू नका. त्यानं तिला चोरीचा एक सिनेमा सांगितला. चोर कोण ते सांगितलं नाही. शौकिनांचा कायदाच आहे तो, शेवट फोडायचा नाही. नबीला हा कायदा फार सोयीचा होता, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग बाईनं खरं काम काढलं. तिचं नाव रागिणी. चांदूर बाजारजवळचं गाव. दोन वर्षांपूर्वी नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं. तिच्या गल्लीत अशा आणखी तिघी होत्या. तेव्हापासून शहरातले लोक यायचे, पडदा लावायचे आणि शेतकरी मरतो तोच सिनेमा दाखवायचे. बाया रडल्या की समाधानानं गाडीत बसून जायचे. रागिणीला त्याचा वीट आला होता. रविवारी तिनं अंगणात सिनेमा ठेवला होता, हसायचा. दीर म्हणाला, ज्या घरातला माणूस गेला त्या घरात खिदळणं शोभत नाही. रागिणीनं अकोल्याच्या भावाकडून सीडी प्लेयर आणला, हेच तिचं उत्तर.

“पयलाच सिनेमा फसला तं बाया पुन्हा येत नाई, अन् दिराचं खरं होते,” ती म्हणाली. “असा सांगा भाऊ, का एकबी बाई रडत उठली नाई पायजे. फाशी नको, विहीर नको. अन् औषधाची बाटली तं नकोच.”

आता नबी रंगात आला. त्यानं आधी सगळं विचारून घेतलं. म्हाताऱ्या किती? हिंदी समजते का? समजत नसेल तर बोलण्यातले विनोद वाया जातील, तोंडं वाकडी करणारे पाहिजेत. लोडशेडिंग कधी? साडेसातला लाईट येऊन दहाला जात असेल तर तीन तासांचा सिनेमा बाद. सासरा ओसरीवर असेल तर अंघोळीची गाणी बाद. दुकानात प्रिंट पाहून घ्या, टॉकीजमध्ये चोरून काढलेली असली तर पडद्याऐवजी लोकांची डोकीच दिसतात. हे सगळं चाळून त्यानं छातीवर हात मारला. ‘साडेतीन साले’. गरीब जावई, त्याचे तीन मेहुणे आणि एक बुटका मामा. दोन सीड्या, सव्वादोन तासांत खेळ खलास.

“दुसऱ्या सीडीत तसलं काई नाई ना?” तिनं विचारलं.

“नाई,” नबी म्हणाला. “पण पुढचं सांगणार नाई. मजा जाते.”

म्हणाला खरा, पण जीभ जड झाली. दुसरी सीडी म्हणजे मध्यंतरानंतरचं. त्यातलं त्याला ओ का ठो माहीत नव्हतं. रागिणी मात्र निर्धास्त झाली. परतवाड्याच्या स्टँडवरच्या दुकानातून घेते म्हणाली, आणि खोक्यावर हात ठेवून बाहेर पाहत बसली. तिनं एकदाही संशयानं पाहिलं नाही, तेच नबीला जास्त लागलं.

अंजनगावला गाडी चहासाठी थांबली. नबी चहाकडे न जाता एसटीडीच्या टपरीत गेला आणि टॉकीजला फोन लावला. अकोल्याच्या टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारा इमरान त्याच्या मोहल्ल्यातला. दारावरचा माणूस एकेक सिनेमा तीस-तीस वेळा पाहतो, तेही जागेपणी. इमराननं हसत हसत सांगितलं, अरे, दुसरा हाफ तो कमाल है. सासऱ्याला घाबरवायला जावई विषाची बाटली पितो. बाटलीत असतं सरबत. मेहुणे त्याला उलटा टांगतात, मामा स्वतःच चुकून तीच बाटली तोंडाला लावतो. पब्लिक खुर्चीवरून पडते.

नबीनं फोन ठेवला. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? ती चांदूरला, तो अचलपूरला. तोंड कुठे पाहायचं होतं एकमेकांचं? पण त्या अंगणात बसलेल्या चौघी त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. शिफारस केली म्हणजे जबान दिली. तो गाडीत चढला आणि उभ्या उभ्याच बोलला.

“ताई, मी खोटं बोललो. मी अर्धाच सिनेमा पायतो. मले झोप लागते. दुसऱ्या सीडीत बाटली हाय.”

मग कायदा मोडून त्यानं सगळं सांगितलं, सरबत, मामा, उलटं टांगणं. रागिणीचा चेहरा पांढरा पडला. पथ्रोट येईपर्यंत ती खोक्याच्या सुतळीची गाठ सोडत-बांधत राहिली. नबीनं दुसरे दोन सिनेमे सुचवले, तेही अर्धेच पाहिलेले आहेत हे सांगून. ती बाटलीवरच अडकली होती.

परतवाडा दिसायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, “लोकं हासतात त्या बाटलीले?”

“इमरान म्हणते, लय हासतात.”

“अन् कोनी मरत नाई?”

“नाई. मामा ढेकर देते.”

मग तिचा ओठ हलला, आणि पदर तोंडाला लावायच्या आत हसू बाहेर पडलं. पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वळून पाहिलं. रागिणीनं पदर खाली घेतला आणि तिच्याकडे पाहतच हसली.

स्टँडवर नबी तिच्यासोबत सीडीच्या दुकानात गेला. प्रिंट लावून पाहिली, चोख होती. दुकानदारानं दोन्ही सीड्या पिशवीत टाकल्या.

“एकच लावीन रविवारी,” रागिणी म्हणाली. “ते झाली का बंद करीन, अन् बायाईले सांगीन दुसरीत काय हाय ते. त्याईच्यातली एक जरी नाई म्हणली तं तिच्यासमोर नाई लावणार. पण ठरवायचं त्याईनं. दिरानं नाई, शहरातल्याईनं नाई, अन् भाऊ, तुमीबी नाई.”

“अन् सगळ्याच नाई म्हणल्या तं?”

तिनं खोकं काखेत घेतलं. चांदूरची गाडी फलाटाला लागत होती.

“मंग मी एकटीच पाहीन. दोन वर्स त्या बाटलीनं मले रडवलं. आता एक वख्त मी तिले हासणार हाओ, कोनी काहीबी म्हनो.”