मूठभर जवळा

भाविकाने रविवारी सकाळी दुकानाच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडला, तो कौतुक करून घ्यायलाच. चिंचणीच्या बाजारात हिराआत्याचं सुक्या मासळीचं दुकान. त्याची वेबसाइट भाविकानेच केली होती, आणि गेल्या महिन्यात तिच्यावर उत्तरं देणारा चॅटबॉट बसवला होता. त्याला प्रोग्रामिंग लागलं नव्हतं. पडद्यावर चौकोन मांडायचे, बाणांनी जोडायचे. दर, डिलिव्हरी, ऑर्डर अशी तीन बटणं. बटणांबाहेरच्या प्रश्नांसाठी दुकानाची सगळी माहिती एका रकान्यात लिहून ठेवायची. चॅटबॉट ती वाचतो आणि नीट वाक्य करून उत्तर देतो.

माहितीत नसेल ते सांगायचं नाही, "दुकानात फोन करा" म्हणायचं, हेही तिने बजावून ठेवलं होतं. त्याची परीक्षाही घेतली होती. पापलेटची चटणी मिळेल का, असं मुद्दाम विचारलं, तर त्याने गरीब पोरासारखं कबूल केलं की मला माहीत नाही. आत्या तेव्हा म्हणाली होती, "तुज्या भावापेक्षा शाना हाय." तो भाऊ, आत्याचा मुलगा कुंदन, रिक्षा पुसत होता. तो म्हणाला, "मंग त्यालाच पाठव बोईसरला पार्सल द्यायला."

आता ती लोकांचे प्रश्न आत्याला वाचून दाखवत होती.

"हे ऐक. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी विचारलंय, माझ्या मुलाला कोळंबी, झिंगे अजिबात चालत नाहीत, अंगावर उठतं, श्वास लागतो. बाकी मासे चालतात. तुमची बोंबील चटणी देऊ का? आणि आपला काय म्हणतो बघ. हो, देऊ शकता. आमच्या चटणीत बोंबील, लाल मिरची, लसूण आणि मीठ आहे. कोळंबी किंवा झिंगे नाहीत. बाई म्हणाली, बरं झालं, मागवते."

आत्या बोंबलांची शेपटं कातरत होती. कात्री थांबली.

"जवळा हाय ना त्यात."

"कशात?"

"चटणीत. मूठभर टाकते मी. नायतर चव कशी येल?"

भाविकाने तिच्याकडे पाहिलं. जवळा म्हणजे नखाएवढी बारकी कोळंबीच. "आत्या, मी तुला विचारलं होतं चटणीत काय काय असतं. तू चार वस्तू सांगितल्यास."

"अगं, मूठभर जवळा काय सांगायचा? तो सगल्यातच जातो. माजी आय टाकायची, तिची आय टाकायची."

यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आत्याने सांगितलं ते भाविकाने लिहिलं, भाविकाने लिहिलं ते चॅटबॉटने वाचलं. पापलेटची चटणी यादीत नव्हती म्हणून तिथे तो थबकला होता. बोंबील चटणीची यादी मात्र त्याच्यासमोर होती, आणि यादी अपुरी असू शकते अशी शंका त्याला येण्याचं काही कारणच नव्हतं.

"फोन लाव तिला," आत्या म्हणाली.

फोन कुठला लावायचा? त्या संवादावर नावाच्या जागी नुसतं 'पाहुणा' होतं. नाव-नंबर विचारणारा चौकोन त्या चॅटबॉटमध्ये आयता मिळत होता. नंबर मागितला की लोक पळतात, असं वाटून भाविकाने स्वतःच तो काढून टाकला होता.

तिने त्याच संवादात घाईघाईने लिहिलं : चटणीत जवळा आहे, मुलाला देऊ नका. निरोप गेला, पण तो दिसणार कुणाला? त्या बाईने पुन्हा वेबसाइट उघडली तरच. चॅटबॉटला दार ठोठावता येत नाही. कुणी आत आलं तरच तो बोलतो. मग तिने माहिती वाचून उत्तर देण्याची सोयच बंद केली, नुसती बटणं ठेवली. निदान दुसऱ्या कुणाला तो आता काही सांगणार नव्हता.

ऑर्डरचे नंबर वेगळ्या फॉर्ममध्ये येत. शुक्रवारनंतर चटणी मागवणारे थोडेच होते. पालघरच्या एका आजोबांनी फोन उचलला; घरात ते आणि बायको, चटणी झकास आहे म्हणाले. डहाणूची एक मुलगी होस्टेलवर राहणारी. एकीचं पार्सल अजून पोचायचं होतं. राहिली ती रिद्धी नावाची बाई, बोईसरला औद्योगिक वसाहतीजवळच्या एका इमारतीत. फोन वाजत राहिला, पण उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"त्या बिल्डिंगीत काल मीच दिलं," कुंदन म्हणाला. "दार उघडलं तिच्या मागं एक पोरगं होतं. एवढंसं."

त्याने कमरेपर्यंत हात धरून दाखवला आणि रिक्षा सुरू केली. आत्या दुकानाचं शटर न ओढताच येऊन बसली.

रस्त्यात टँकर पुढे सरकत नव्हते. भाविका नंबर लावत राहिली. आत्या एकदाच बोलली. "त्या मशिनला सांगता नाय येत का, तिच्या घरी जाऊन बोल म्हणून?"

"नाही येत, आत्या."

"मंग ते दुकानात बसलंय कशाला?"

भाविकाने पुन्हा नंबर लावला.

दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. "बच्चे को लेकर गये हैं. मुँह सूज गया था उसका. वो नाके वाला अस्पताल."

पुढचं अंतर कसं गेलं ते भाविकाला आठवत नाही. दवाखान्यात पडद्याआड पलंगावर मुलगा होता, तोंडावर मास्क, डोळे सुजून मिटलेले. रिद्धी डॉक्टरांसमोर मोबाइल धरून उभी होती.

"चटणी नाही हो, डॉक्टर. मी विचारून घेतलं होतं. हे बघा, दुकानानेच लिहिलंय. सकाळी चटणी-भाकरीनंतर तापाचं नवीन औषध दिलं, त्यानेच झालं असणार."

"इंजेक्शन दिलंय, उतार पडतोय," डॉक्टर म्हणाले. "पण कशाने झालं ते कळायला हवं. नाहीतर औषधाला दोष देऊन उद्या तेच पुन्हा पोटात जाईल."

आत्या पुढे झाली. मासळीच्या वासाचे हात तिने पदरात धरले होते.

"जवळा हाय त्यात," ती म्हणाली. "चटणी माजी. मी टाकते."

रिद्धी हळूच वळली. मोबाइल अजून तसाच धरलेला. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"मला नाय विचारलंस बाय, ते—"

"मग कुणाला विचारलं? दुकान तुमचं ना?"

आत्याने मान खाली घातली. भाविकाला सांगायचं होतं की चूक माझी, यादी मी लिहिली, नंबरचा चौकोन मी काढला. पण डॉक्टर आधीच आत्याकडे वळले होते. डॉक्टरांनी कागदावर कोळंबी असं लिहिलं आणि रात्रभर लक्ष ठेवायला हवं म्हणाले. सूज एकदा उतरून पुन्हा येऊ शकते. मास्कमागे मुलाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

रिद्धी पलंगाच्या कडेला बसली. तिने मुलाचा पाय हातात घेतला.

"आणखी काय टाकता?" मग तिने वर न पाहता विचारलं. "घरात अजून तुमचं बोंबील आहे. मांदेली आहेत. खरं काय ते सगळं सांगा."

आत्या जमिनीवरच बसली. आठवून आठवून सांगू लागली. मिक्सर एकच हाय, त्यात आधी सुकटीचं, सुक्या जवळ्याचं, कूट होतं. पाण्यानं धुते, पुसून घेते, पण घासत नाय. बोंबील टांगून वाळतात त्या बांबूच्या वलांडीखालीच मांदेलीची नि जवळ्याची चटई असते, वारं सुटलं की उडतो. हात तेच. पिशव्या भरायची परात तीच. तेल शेंगदाण्याचं.

"शेंगदाणा चालतो का त्याला?" तिने मधेच थांबून विचारलं.

"चालतो."

"बरं," आत्या म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.