हेमसिंग नायकाचं नाव

कारंज्याच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर ललिता राठोडचा तिसरा दिवस. परीक्षा देऊन, मुलाखत देऊन ती माल तपासनीस म्हणून लागली होती. नव्या मॅनेजर सावजी मॅडम बसायच्या वाशिमला. त्यांनी अजून तिचं तोंड पाह्यलं नव्हतं, म्हणून आपली ओळख करून देणारा ई-मेल ती लिहायला बसली.

केंद्राचे जुने कारकून मारोतराव खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसले. न बोलावता.

"लिव," ते म्हणाले. "आमच्या तांड्याचे हेमसिंग नायक यांच्या कृपेनं मी आपल्या चरणी रुजू झाली. गरीब घरची हाय. चुकलं-माकलं तं पोटात घालावं."

ललितानं तेवढं टाईप केलं आन् थांबली. मॅडम मोबाईलवर मेल उघडतील, वरच्या दोन ओळी दिसतील. त्यात तांड्याचा मुखिया नायक होता, गरिबी होती, माफी होती. ललिता कुठंच नव्हती. तिची कानशिलं तापली.

"भाऊ, नायकानं माह्या जागी पेपर लिवला का?"

"तसं नाही वो. पण मोठ्याचं नाव असलं का साहेब लोक वचकून राह्यतात."

"आन् माफी कायची? मी चोरी करून राह्यली का?"

तिनं सगळं पुसलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'परिचय : ललिता राठोड, नवीन माल तपासनीस, कारंजा केंद्र'. खाली लिहिलं:

'नमस्कार मॅडम,
मी सोमवारी कारंजा केंद्रावर माल तपासनीस म्हणून रुजू झाले. कृषी पदविका झाली आहे. या आठवड्यात पोत्यातून परखीनं नमुना काढणं मारोतरावांकडून शिकले, ओलावा मोजण्याचं यंत्र हाताळते आहे. माझ्याकडून पहिल्या महिन्यात काय अपेक्षा आहे, हे समजून घ्यायला आपला पंधरा मिनिटं वेळ मिळेल का? सोयीची वेळ कळवावी.
आपली,
ललिता राठोड'

नावाखाली मोबाईल नंबर टाकला, एकदा वाचलं आन् पाठवलं.

"एवढंसंच?" मारोतराव म्हणाले.

"त्यायले कामं असतात, भाऊ."

दुपारी उत्तर आलं. 'गुरुवारी अकराला फोन करते. एक विचारायचं होतं. मारोतराव परवा फोनवर म्हणाले, तुम्ही हेमसिंग नायकांच्या माणसांपैकी आहात. मेलमध्ये तसं काही नाही.'

म्हणजे मेल लिहायच्या आधीच या माणसानं तिला दुसऱ्याच्या खात्यात टाकून ठेवलं होतं. ललितानं मारोतरावांकडं पाह्यलं. ते पंख्याकडं पाहू लागले.

तिनं लिहिलं, 'नायक आमच्या तांड्याचे आहेत, मी त्यांचा मान ठेवते. नोकरी परीक्षा देऊन मिळाली. गुरुवारी अकराला मी फोनपाशी आहे.'

लगेच उत्तर आलं, 'बरं झालं सांगितलंत. ओलाव्याचे आकडे हाताशी ठेवा.'

"काय म्हणे मॅडम?" मारोतरावांनी हळूच विचारलं.

"माह्या मेलमंदी तुमचं नाव हाय, भाऊ. तुमी शिकवलं तेवढ्यापुरतं." तिनं पोत्यात खुपसायची टोकदार परखी उचलली. "चला, पोती पाहू. आन् मी कोणाची हाय ते पुढच्या बारीले मलेच सांगू द्या."