बोर्गहिल्डचे पाय

बोर्गहिल्ड पिते, हे गावात पहिल्यांदा मी बोललो. मी, हाल्वर, चर्चचा राखणदार. ती आमची ऑर्गनवादक, सव्वीस वर्षांची नोकरी. त्या हिवाळ्यात जिना उतरताना ती भिंत धरायला लागली, पायांनी दाबायच्या पट्ट्या चुकवायला लागली. एका अंत्यविधीत तर सूर असा घसरला की मयताच्या बायकोने मान वर करून पाहिलं. मी चर्चच्या मंडळाच्या अध्यक्षाला, सिग्वार्तला, सांगितलं. मंडळाने तिला ‘विश्रांती’ दिली.

“हाल्वर, माझ्या तळव्यांना मुंग्या येतात रे,” ती मला म्हणाली होती. “कापसावर चालल्यासारखं वाटतं.”

“थोडी कमी घे, मग नाही वाटणार,” मी म्हणालो.

मार्चमध्ये ती स्वतःच्या वह्या न्यायला आली. मागच्या खोलीत तोंड धुवायला वाकली, डोळे मिटले, आणि धाडकन पडली. मी धावलो. तोंडाजवळ वाकलो, तर वास फक्त कॉफीचा.

मीच तिला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. मज्जातंतूंच्या डॉक्टर इंगुननी तिला पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे असताना ती सरळ होती. मिटले तशी लगेच कलली. पायाच्या अंगठ्यावर टेकवलेल्या, सूर लावायच्या चिमट्याची थरथर तिला कळलीच नाही.

रक्ताचा अहवाल आल्यावर इंगुन म्हणाल्या, “बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. तुमचं पोट ते अन्नातून शोषूच शकत नाही. कितीही मासे खा, उपयोग नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा झालीय, म्हणून पाय कुठे आहेत ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला कळत नाही.”

“पण दोन वर्षांपूर्वी माझं रक्त कमी होतं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी फोलिक ॲसिड दिलं. रक्त वाढलंही.”

“तिथंच घात झाला. रक्त सुधारलं, म्हणून पुढं कुणी बघितलं नाही. आत नसा झिजतच राहिल्या.”

इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग दोन-तीन महिन्यांनी एक, जन्मभर. उन्हाळ्यापर्यंत बोटांतल्या मुंग्या गेल्या, थकवा गेला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. तळव्यांचा बधिरपणा मात्र राहिला.

“आणखी थोडं सुधारेल. सगळं नाही,” इंगुन म्हणाल्या. “वर्षभर आधी आल्या असतात तर...”

तोवर मंडळाने दुसरा वादक नेमला होता. सिग्वार्त फुलं घेऊन तिच्या दारात गेला. तिने फुलं घेतली आणि दार लावलं.

मी गेलो तेव्हा मात्र तिने आत घेतलं. पियानोवर तिचे हात पूर्वीसारखेच धावत होते.

“मला माफ कर, बोर्गहिल्ड.”

ती वाजवायची थांबली नाही. “त्या दिवशी मी मुंग्यांचं सांगितलं, तेव्हा ‘डॉक्टरकडे जा’ एवढं म्हणाला असतास तरी पुरलं असतं. तू माझं तोंड हुंगायला मी पडायची वाट बघितलीस.”

मग तिने मला कॉफी विचारली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, “बरं झालं. करायला उठावं लागलं असतं.”