तळ्याखालचे पाच पॉइंट

पीकविम्याच्या पाहणीसाठी शिवरंजनीनं अणदूर मंडळाचे चार पट्टे पाडले होते: कोरडवाहू, विहिरीचा, माळाचा आणि तळ्याखालचा. मोठ्या पट्ट्याला पॉइंट जास्त, लहान्याला कमी. पण कितीही लहान असला तरी पाचाच्या खाली नाही. मग संगणक प्रत्येक पट्ट्याच्या आत आंधळेपणानं पॉइंट टाकायचा, आणि तिथं जाऊन उभं पीक बघायचं.

तळ्याखालचा पट्टा नव्वद हेक्टरचा. त्यातले साठ रणधीररावांचे, कागदावर सात नातेवाइकांच्या नावानं. विमा सोयाबीनचा; शेतात ऊस, असं सगळं नळदुर्ग जाणून होतं.

पाचातले तीन पॉइंट त्या साठात पडले. यादी अजून धाराशिवच्या जिल्हा कचेरीत गेली नव्हती, आणि रणधीरराव मात्र खतदुकानावरच्या तिच्या ऑफिसच्या खोलीत येऊन बसलेही होते.

"नेमकं आमच्यावरच कसं पडलं, मॅडम?"

"तुमच्यावर नाही, पट्ट्यावर पडलंय. पट्ट्यात तीनातले दोन वाटे तुमचे, त्याला मी काय करू?"

"पुन्हा काढा की."

"पुन्हा काढलं तरी पडणार. तुम्हाला पाचही चुकवायचे, तर दोनशे त्रेचाळीस वेळा काढल्यावर कुठं एकदा जमेल."

तिला वाटलं, माणूस आकडा ऐकून उठेल. रणधीररावांनी पाय पसरले.

"मग काढा दोनशे त्रेचाळीस वेळा. बसतो म्या."

सुपरवायझर धोंडप्पा खिडकीतून ट्रक मोजत असल्यासारखे उभे होते. "काढा हो मॅडम," ते न वळताच म्हणाले. "मशीनला काय कष्ट? मिनिटाचं काम."

काम मिनिटाचंच होतं, हेच वाईट होतं. सोडतीआधी ठरवलेला सीड नंबर, म्हणजे सोडत सुरू करायचा आकडा, तिच्या रजिस्टरात होता. तो घातला की कुणालाही, कधीही, तेच पॉइंट मिळायचे. दुसरा नंबर लिहिला की यादी संगणकाची नाही, रणधीररावांची.

तिनं पहिलीच यादी सीड नंबरासकट मेलवर चढवली आणि बटण दाबलं.

"गेली," ती म्हणाली.

धोंडप्पांनी डोळे मिटले. रणधीरराव मात्र चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी भिंतीवरचा, पाहणीला कोण कुठं जाणार याचा तक्ता सावकाश वाचला. तळ्याखाली, गुरुवार: महारुद्र.

"महारुद्र म्हंजे जळकोटचा? त्याला धाकटी पोरगी हाय न्हाय का?"

महारुद्रला तर सोडत झाल्याचंही अजून ठाऊक नव्हतं.

शिवरंजनी उठली. तक्त्यावरचं नाव तिनं खोडलं, शेजारी स्वतःचं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

रणधीररावांनी ते वाचलं, मान डोलावली.

"व्हय, तुम्हीच या. एकट्याच या," ते जिन्यावरून म्हणाले. "पाण्याची बाटली नका आणू. आमच्याकडं पाणी लई खोल हाय."