तिसऱ्या खांबाजवळचं झाकण

आमच्या दैनिकातलं वाचकांच्या पत्रांचं सदर गेली एकोणीस वर्षं माझ्या हातून जातं. हुद्दा मुद्रितशोधकाचा, पण पत्रं निवडायची, कापायची, मथळे द्यायचे आणि शुद्धलेखन तपासायचं, हे सगळं माझ्याच गळ्यात. ऑफिसात मला सगळे 'बाई' म्हणतात. माझ्या टेबलावरून 'आणी' लिहिलेला कागद छापायला गेला, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे मी अगदी परवापरवापर्यंत मान वर करून सांगत असे.

ते पत्र वहीच्या पानावर पाठपोट लिहिलेलं होतं. लिहिणारी बाई घरी कपडे शिवून देणारी, सरकारी दवाखान्याच्या मागच्या बोळात राहणारी. बोळातल्या गटाराचं झाकण दोन महिन्यांपासून नाहीसं झालंय, नगरपालिकेत दोनदा अर्ज देऊनही कोणी फिरकलेलं नाही, असं तिचं म्हणणं. तिचे वडील पायाच्या जखमेची पट्टी बदलायला रोज त्याच वाटेने जातात आणि त्यांना एका डोळ्याने दिसत नाही, हेही लिहिलं होतं. खाली सही, पत्ता आणि फोन नंबर.

आता शुद्धलेखनाचं काय सांगू! 'झाकन', 'नगरपालीका', 'तक्रार केलि', 'पाणि'. अनुस्वार मन मानेल तिथे दिलेले, पूर्णविराम तर जणू दुकानात संपले होते. मी लाल पेन उचललं आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. पसरलेल्या घरात केरसुणी घेऊन शिरल्यावर येते तशी.

मग कापाकापी. आमच्याकडे पत्राला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, आणि हे सव्वादोनशेच्या पुढे होतं. वडिलांचा मजकूर घरगुती म्हणून काढला. 'दवाखान्याच्या मागे पिठाच्या गिरणीच्या समोर जो तिसरा खांब आहे त्याच्या जवळ' हे वाक्य तर तिने दोनदा लिहिलं होतं. दोन्हीकडे आडवी रेघ मारली. माझा जुना नियम आहे, एका बोळाचं रडगाणं कोण वाचणार? पत्र साऱ्या शहराचं झालं पाहिजे. म्हणून मी लिहिलं, 'शहरातील अनेक ठिकाणी गटारांवरील झाकणे गायब झाल्याने नागरिकांचा जीव धोक्यात आला आहे.' मथळा दिला, 'उघडी गटारे, झोपलेले प्रशासन'. सदरात पहिलं लागलं. संपादक म्हणाले की बाईंच्या हातून आलेलं पत्र इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं दिसतं. मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते.

दहा दिवसांनी नगरपालिकेचा खुलासा आला. तोही छापण्याआधी माझ्याचकडे येतो. 'पत्रात नेमके ठिकाण नमुद नसल्याने कार्यवाही करता आली नाही.' मी 'नमुद'चा 'नमूद' केला आणि कागद पुढे सरकवला. चहाचा कप तोंडाला लावला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ठिकाण होतं. चांगलं दोनदा होतं.

तेव्हाच उठायला हवं होतं. तपासलेली मूळ पत्रं आम्ही तीन महिने फाइलला लावून ठेवतो, फाइल माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होती आणि पत्राखाली फोन नंबर होता. एक फोन नगरपालिकेला, एक तिला. पण फोन केला असता तर चूक कोणाची, हे सांगावं लागलं असतं. एकोणीस वर्षांत 'माझी चूक' असं मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. इतके दिवस झाले, एव्हाना झाकण बसलंही असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुढचं पत्र हातात घेतलं. खुलासा दुसऱ्या दिवशी छापून आला, बिनचूक.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती बाई ऑफिसात आली. चाळिशीची असेल. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती, बहुधा घाईत निघाली असावी. हातात दोन कात्रणं, एक पत्राचं आणि एक खुलाशाचं. भांडायला आलीय, असं वाटून मी तोंड घट्ट केलं. पण ती उभ्याउभ्याच म्हणाली की परवा वडील त्या भोकात पडले, मांडीचं हाड मोडलंय, दवाखान्यात आहेत. हे तिने शिवणाचं माप सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाली की झाकणाबद्दल पुन्हा लिहायचंय आणि या वेळी आधी माझ्याकडून तपासून घ्यायचंय.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "शुद्धलेखन कच्चं आहे माझं. कुठे ते मी लिहिलं होतं असं मला वाटतंय, पण वडील म्हणतात, पेपरात तर नाही. तुला साधं ठिकाणसुद्धा लिहिता येत नाही, म्हणाले. तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी."

जागा कमी असते, मर्यादा असते, असं काहीतरी मी पुटपुटले. ती समजूतदारपणे मान हलवत राहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आरडाओरडा केला असता तर मी परतून दोन शब्द सुनावले असते, ती विद्या मला चांगली येते. पण ती माझीच बाजू घेत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याचा तर मी पगार घेते. माझ्या डोळ्यातलं मुसळ मात्र पाच दिवस तसंच होतं.

मी उठले, कपाटातून फाइल काढली आणि तिचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. पानभर लाल. ते बघून ती आधी स्वतःच लाजली. एवढ्या चुका होत्या का, म्हणाली. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली येत गेलं आणि त्या आडव्या रेघेपाशी थांबलं. रेघेखालचं मी खोडलेलं वाक्य तिने ओठ हलवत वाचलं.

"ही पण चूक होती का?"

"नाही," मी म्हणाले. "ती माझी चूक. तुम्ही बरोबर लिहिलं होतं, मी काढलं. आणि खुलासा आला तेव्हा मला कळलंही होतं. मी गप्प बसले."

मी तिच्यासमोरच नगरपालिकेच्या अभियंत्याला फोन लावला, दवाखाना, गिरणी, खांब सगळं सांगितलं. तो म्हणाला की एवढं आधी छापलं असतं तर तेव्हाच माणूस पाठवला असता, आता संध्याकाळपर्यंत बसवतो. मग मी तिला म्हणाले की उद्याच्या अंकात आमची दिलगिरी छापून आणते, त्यासाठी संपादकांशी भांडावं लागलं तरी चालेल.

"ती छापा," ती म्हणाली. "पण वडिलांना आज दाखवायला मला एका कागदावर लिहून द्या."

मी कोरा कागद घेतला. 'संपादकीय संस्करणाच्या प्रक्रियेत अनवधानाने' इथपर्यंत लिहिलं आणि तिच्याकडे सरकवलं. तिने वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"हे त्यांना कळायचं नाही, बाई. सरळ लिहा."

मी दुसरा कागद घेतला. 'तुमच्या मुलीने ठिकाण लिहिले होते. ते मी खोडले.' खाली सही केली. अक्षर एखाद्या पहिलीतल्या पोरासारखं आलं.

ती वाकून बघत होती.

"ठिकाण पण लिहा," ती म्हणाली. आणि मी विसरेन की काय म्हणून सावकाश सांगू लागली, "दवाखान्याच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या समोर जो तिसरा खांब आहे, त्याच्या जवळ."

तिने सांगितलं तसंच, एक शब्दही न बदलता, मी लिहून घेतलं.