पायाची बातमी दहा ओळींत

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला दीड महिना झाला. आमच्या गल्लीतल्या मोकाट कुत्र्यालासुद्धा हे ठाऊक आहे. माहीत नाही ते फक्त माझ्या पोराला. तो बोटीवर आहे, इंजिनाच्या खोलीत काम करतो, आणि दर आठवड्याला त्याला घरून एकच मजकूर जातो: "सगळे ठीक. आई ठणठणीत."

ठणठणीत! अहो, मी दवाखान्यात ग्लानीत पडले होते तेव्हाही मी ठणठणीतच होते.

हा मजकूर लिहितात आमचे हे. अख्खा जन्म तारघरात गेला. शब्दाला पैसे पडायचे त्या काळातला माणूस, त्यामुळे शब्द कापण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नाही. "प्रिय" काप, "आशीर्वाद" काप, "तुझी आठवण येते" तर आधी काप. आणि बोटीवरची मेल म्हणजे ह्यांना दुसरं तारघरच मिळालं. पोर निघताना कंपनीने सांगून ठेवलंय: सगळ्या बोटीला मिळून एकच पत्ता. विषयाच्या जागी पोराचं नाव आणि हुद्दा घालायचा, नाहीतर मेल कुणाची ते कळत नाही. मजकूर दहा ओळींच्या आत. फोटो पाठवला तर तो किनाऱ्यावरच अडकतो, पुढे जातच नाही. त्याच्या मेलला उत्तर दिलं की खाली जुन्या मेलींचं शेपूट लागतं, ते पुसून टाकायचं. बोटीवरची तबकडी आकाशातल्या उपग्रहाला दिवसातून दोन-तीनदा गाठते, तेवढ्यात जे येईल ते कप्तानाच्या संगणकावर उतरतं. मग कप्तान ज्याचं त्याला कागदावर छापून देतो.

हे सगळं ह्यांना तोंडपाठ. टाइप करते धाकटी, म्हणजे आमची मुलगी. औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, बोटं भराभर चालतात.

तर सोमवारी पोराची मेल आली. धाकटीने वाचली: "कंपनी विचारते, तीन महिने जास्त थांबशील का. थांबलो तर पुढच्या बोटीवर वरची जागा देणार. घरी सगळं ठीक असेल तर थांबतो. कप्तानाला शुक्रवारी सांगायचंय."

"लिही," हे म्हणाले, "सगळे ठीक. आई ठणठणीत. थांब."

मी मशीनवर बसले होते. ब्लाउज शिवते मी, दारावर पाटी आहे. पाय गेल्यावर मशीनला मोटर बसवून घेतली, उजव्या पायाने दाबते. पहिले आठ दिवस शिवण साप गेल्यासारखी जायची, आता सरळ येते. मी मोटरवरून पाय काढला.

"माझा पाय कापलाय हे लिही," मी धाकटीला म्हणाले.

"आई, नको ना," धाकटी.

"अगं, वेड लागलंय का तुला?" हे. "कळलं तर तो पहिल्या बंदरावर उतरून पळत येईल. वरची जागा जाईल. तिथे भर समुद्रात बसून तो करणार काय? पाय चिकटवणार?"

"चिकटवू नये. ठरवावं. त्याने विचारलंय, घरी सगळं ठीक असेल तर थांबतो. आणि तुम्ही त्याला खोटं सांगून थांबवताय. मलाही वाटतं तो थांबावा. पण माझ्या पायावर खोटेपणाचं पांघरूण घालून नाही."

"आणि कप्तान वाचेल ते?"

"वाचू दे की! त्यालाही आई असेल. का तोही तारघरात जन्मला?"

धाकटी फिसकन हसली आणि बापाचा चेहरा बघून गप्प झाली. हे मात्र ऐकेनात. "जगाचा नियम आहे. दूर असलेल्याला वाईट कळवू नये." आणि शर्ट चढवून भाजी आणायला निघून गेले. भांडण अंगाशी आलं की ह्यांना नेहमी भाजी आठवते.

मला असा राग आला म्हणून सांगू! दीड महिना घरात सगळे कुजबुजत बोलत होते. येणारा-जाणारा माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, खाली बघायचा नाही. समोरच्या काकू तर "तुमचं ते... ते कसं आहे" म्हणतात. ते म्हणजे काय? पाय म्हणा की! आणि ह्यांनी तर एकदाही पट्टी सोडताना खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. आता पोरालाही त्याच रांगेत उभं करायचं? तो परत येणार, दारात चपला काढणार, आणि मग बघणार? त्या क्षणी त्याने माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघितलं तर मी काय करू? मला तो चेहरा नको होता. बस.

मी माझा फोन घेतला. पत्ता धाकटीकडून लिहून घेतला, विषयात पोराचं नाव-हुद्दा नीट घातला, आणि एका बोटाने लिहायला बसले. पाय का कापावा लागला, साखर कशी वाढली, टाचेची जखम मी कशी अंगावर काढली, सगळं लिहिलं. आणि पाठवून दिलं.

बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं. ह्यांच्या फोनवर, कारण पोराला तोच पत्ता माहीत.

"आईकडून मेल आली. पण नुसते चौकोन. एकही अक्षर दिसत नाही. काय लिहिलंय? ठीक आहे ना सगळं?"

धाकटीने कपाळावर हात मारला. "आई! मराठी अक्षरात लिहिलंस?"

"मग काय जपानीत लिहू?"

"बोटीवरचा संगणक जुना आहे, मराठी अक्षरं उतरत नाहीत त्याच्यावर. म्हणून तर आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. शिवाय आपलं एक अक्षर तिकडच्या तीन अक्षरांची जागा खातं."

म्हणजे एवढी मेहनत करून मी पोराला चौकोन पाठवले होते. ह्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. "बघ. देवालाच नको होतं. आता लिही गं, आईने गंमत म्हणून फोन हाताळला. सगळे ठीक. थांब."

धाकटीने फोन उचलला. मी कुबडी उचलली, मारायला नाही, उठायला. उठले, तिच्यापाशी गेले आणि तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"देवाचं नाव घेऊ नका. देवाने एक चूक केली, दुसरी तुम्ही करू नका. आज हा मजकूर मी सांगणार आणि ही पोरगी इंग्रजी अक्षरं लावणार, त्याला दिसतील अशी."

"अगं, तो येईल धावत!" ह्यांचा आवाज फाटला. "मला भीती वाटते. तो आला की त्याच्यासमोर मला त्या पायाकडे बघावं लागेल. आत्तापर्यंत नाही बघवलं मला. कळलं?"

धाकटी खाली बघायला लागली. मला भडभडून आलं, पण मी ते येऊ दिलं नाही. रडले असते तर मजकूर राहून गेला असता.

"मग आधी आत्ता बघा," मी म्हणाले, आणि खुर्चीवर बसून साडी गुडघ्यापर्यंत वर केली. "जखम भरलीय. चावत नाही."

मग ह्यांनी बघितलं. जवळ आले, खाली बसले, टाक्यांच्या वळावर हळूच बोट ठेवलं. "दुखतं?"

"दाबल्यावर."

उठले, डोळे पुसले, चष्मा चढवला. "सांग. काय लिहायचं?"

मी सांगत सुटले. साखर, टाच, डॉक्टर, मोटर, समोरच्या काकू. धाकटी बिचारी टाइप करत होती. ह्यांनी मध्येच हात वर केला. "पंधरा ओळी झाल्या. कापावं लागेल."

"कापा. माझं रडगाणं कापा, काकूंना कापा. पण पाय कापू नका, तो एकदा कापलाय."

आणि मग ह्यांनी कात्री चालवली. धाकटीने वाचून दाखवलं तेव्हा उरलं होतं एवढंच: "आईचा पाय गुडघ्याखाली कापला, दीड महिना झाला. साखरेमुळे. लपवलं, चूक माझी. जखम भरली. मोटर लावून शिवते. रागावलेली आहे, म्हणजे तब्येत चांगली आहे. थांबायचं की यायचं, तू ठरव. बाबा."

मला त्यात एक अक्षर जास्त नको होतं की कमी. तारघरातल्या माणसाचं हे एक मात्र मानावं लागेल. शेपूट पुसलं, नाव-हुद्दा तपासला, पाठवलं.

गुरुवारी काही नाही. धाकटी म्हणाली, बोट फार हलत असली की तबकडीला उपग्रह सापडत नाही, मेली अडकून राहतात. हे दिवसभर फोन खिशातून काढत होते आणि ठेवत होते. मी एका ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या, परत उलट्याच लावल्या. शुक्रवार उजाडला. दुपारपर्यंतही काही नाही. ह्यांनी एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, ह्याची नोंद मी घेतली.

चारच्या सुमारास फोन वाजला. ह्यांनीच उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

"आई, कुठला पाय?"

मी हसायला लागले. दीड महिन्यात पहिला माणूस, ज्याने सरळ प्रश्न विचारला! हे पुढे वाचत होते. "मी थांबतोय. कप्तानाला सांगितलं. त्याने मेल वाचली होती, तुला नमस्कार सांगितलाय. माझंही एक आहे. मागच्या बंदराच्या आधी पंपात सापडून करंगळीचं..."

ह्यांचा आवाज थांबला. धाकटीने फोन घेतला आणि उरलेलं वाचलं. "करंगळीचं वरचं पेर गेलं. बंदरावर टाके घातले. तुम्ही घाबराल म्हणून लिहिलं नव्हतं. हात चालतो. सगळं ठीक असं लिहायची सवय लागलीय."

मेल्या! माझ्या पोराचं बोट गेलं आणि मी इथे निवांत भात खात होते! मला असं वाटलं की त्या बोटीवर जावं आणि एक ठेवून द्यावी, आणि मग तो हात मांडीवर घेऊन बसावं. मी रडले, आता अडवणार कशाला. धाकटीही रडली. हे मात्र रडले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, धाकटीकडून फोन घेतला, आणि चष्मा नीट बसवला.

"लिहू?" त्यांनी विचारलं.

"लिहा. डावा. तुझी करंगळी कुठल्या हाताची? दुखते का? खरं लिही."

त्यांनी एकेक अक्षर शोधत लावलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि पाठवलं.